तीस रुपयांची तर आणि वीस रुपयांचा फलक

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात आपण एक गोष्ट घोकून घेतो: सरकारने दर जबरदस्तीने खाली आणला की माल बाजारातून गायब होतो. भाडेनियंत्रण आणलं की भाड्याने घर मिळेनासं होतं, सिमेंटचा दर बांधला की गोणी काळ्या बाजारात जाते. गोष्ट खरी आहे. पण तिच्यात एक अट दडलेली असते आणि ती अट शिकवताना बहुतेक वेळा घाईघाईत उरकली जाते. बाजारात विकणारे पुष्कळ असले तरच ती खात्रीने लागू होते. विकणारा एकटाच असेल तर उलटही घडू शकतं. दर खाली येतो आणि माल वाढतो. दोन्ही एकाच वेळी.

हे ऐकून मुलं हमखास विचारतात, ‘सर, दर कमी मिळाला तर तो जास्त माल कशाला देईल? वेडा आहे का?’ प्रश्न अगदी रास्त आहे. तो माणूस वेडा नाही. तो पूर्वीइतकाच हिशेबी आहे, फक्त त्याचा हिशेब बदललेला असतो. तो कसा बदलतो हे एकदा आकड्यांनिशी पाहिलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

कोकणातली एक खाडी डोळ्यांसमोर आणा. पलीकडे बाजार, शाळा, दवाखाना. पूल नाही, रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. खाडीवर माणसं पार नेणारी एकच तर आहे, एकाच नावाड्याची, आणि तिचा दर ठरवणारं वरचं कुणी नाही. (‘मक्तेदार’ या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता घेतलेला माणूस, म्हणजे ठेकेदार. आपल्या नावाड्याकडे कागदोपत्री मक्ता नसला तरी खाडीचा मक्ता त्याचाच.) खाडी कल्पनेतली आहे आणि आकडेही मीच सोयीचे धरले आहेत.

दर पन्नास रुपये ठेवला तर कुणीच तरीवर येत नाही. त्याखाली दर एका रुपयाने उतरला की दिवसाला दहा माणसं वाढतात. म्हणजे चाळीस रुपयांना शंभर, तीसला दोनशे, वीसला तीनशे. खर्चाचं म्हणाल तर डिझेल आणि खलाशाची मजुरी धरून माणशी दहा रुपये. हा खर्च तीनशे माणसांपर्यंतच. त्यापुढच्यांसाठी उशिरा जादा फेऱ्या माराव्या लागतात, दुसरा खलाशी लावावा लागतो, म्हणून तीनशेच्या पुढच्या प्रत्येक माणसाला अठरा रुपये खर्च येतो. शिवाय होडीचा हप्ता, विमा, धक्क्याचं भाडं असा रोजचा १७५० रुपयांचा ठरलेला बोजा आहे. एक माणूस येवो की तीनशे, तो तेवढाच राहतो.

आता नावाडी दर किती ठेवील? त्याने अनुभवाने, चाचपडत, तीस रुपये ठेवला आहे. दोनशे माणसं येतात. गल्ल्यात सहा हजार पडतात. पलीकडे जायला पंचवीस रुपये देतील अशी आणखी माणसं गावात आहेत हे त्याला ठाऊक आहे. त्यांना नेण्याचा खर्च फक्त दहा रुपये. मग तो त्यांना का नेत नाही?

कारण दर सगळ्यांना एकच आहे. दहा माणसं जास्त हवी असतील तर दर एकोणतीस करावा लागेल, आणि तो त्या नव्या दहांपुरता करता येत नाही. जुन्या दोनशेंनाही एकेक रुपया सोडावा लागतो. हिशेब करून पाहा. २१० माणसं गुणिले २९ म्हणजे ६०९० रुपये. आधी ६००० होते. वाढले ९० रुपये, म्हणजे नव्या माणसामागे नऊ. त्या माणसाने हातात एकोणतीस ठेवले, पण नावाड्याच्या पदरात पडले नऊच. उरलेले वीस जुन्या गिऱ्हाइकांना सूट देण्यात गेले. खर्च दहा, मिळकत नऊ. तो म्हणतो, नको.

दोनशेवर येण्याआधी मात्र असं नव्हतं. १९० माणसांवरून, म्हणजे एकतीस रुपये दरावरून, दोनशेवर येताना गल्ला ५८९० वरून ६००० झाला होता. नव्या माणसामागे अकरा रुपये, खर्च दहा. तेव्हा परवडत होतं. म्हणून तो बरोबर दोनशेवर थांबतो. पुस्तकात याला सीमांत प्राप्ती म्हणतात: एक माणूस वाढल्याने गल्ल्यात खरोखर किती वाढलं ते. मक्तेदाराच्या बाबतीत ती दरापेक्षा नेहमी कमी असते, आणि सगळा खेळ या फरकाचा आहे. मक्तेदार आळशी किंवा दुष्ट म्हणून माल अडवत नाही. एक नग जास्त विकायचा तर आधीच्या सगळ्या नगांचा भाव स्वतःच्या हाताने पाडावा लागतो, म्हणून तो अडवतो.

आता समजा, ग्रामपंचायतीने म्हणा किंवा वरच्या कुणी म्हणा, धक्क्यावर फलक लावला: वीस रुपयांपेक्षा जास्त घेऊ नये.

नावाडी चिडेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो नवा हिशेब करील. पहिल्या दोनशे माणसांकडून आता वीसच मिळणार, ते कमी झालंच, त्याला इलाज नाही. पण दोनशे-एकाव्या माणसाचं काय? त्याला घ्यायला आता कुणालाही सूट द्यावी लागत नाही. दर आधीच वीस आहे, जुन्यांनाही वीस, नव्यालाही वीस. त्याचे वीसच्या वीस रुपये गल्ल्यात येतात आणि खर्च होतो दहा. काल ज्या माणसामागे नऊच हाती लागत होते, त्याच्यामागे आज वीस लागतात. चढवा होडीत! असं करत तो तीनशेपर्यंत जातो. तिथे थांबतो, कारण त्यापुढे माणसं हवी तर दर एकोणीस करावा लागेल आणि जुनं दुखणं परत सुरू होईल. ३१० गुणिले १९ म्हणजे ५८९०, सहा हजारांपेक्षा कमी.

दर तीसवरून वीस झाला आणि माणसं दोनशेवरून तीनशे. फलकाने नावाड्याला उदार केलेलं नाही. जास्त माणसं नेण्यासाठी त्याला जो दंड बसत होता, म्हणजे जुन्या गिऱ्हाइकांना सूट देण्याचा दंड, तो फलकाने काढून घेतला. जास्त दर मागण्याची वाट बंद झाली की माणसं अडवून ठेवण्यात काही कमाई उरत नाही.

आता पुष्कळ विक्रेत्यांच्या बाजारात हे का घडत नाही तेही कळतं. भाजी बाजारातल्या शंभर गाळ्यांपैकी एकाने दोन टोपल्या जास्त विकल्या म्हणून मेथीचा भाव पडत नाही. त्या गाळेवाल्यासाठी भाव ही बाहेरून आलेली गोष्ट असते, नव्या जुडीचे पूर्ण पैसे त्याला आधीपासूनच मिळत असतात. काढून घ्यायला दंडच नाही. तिथे भाव बांधला तर फक्त मिळकत घटते आणि माल आटतो.

पैशांचा हिशेबही एकदा मांडून टाकू. नावाड्याची रोजची शिल्लक सगळा खर्च जाऊन २२५० रुपये होती, ती १२५० झाली. त्याचे हजार गेले. जुन्या दोनशे माणसांचे दहा-दहा रुपये वाचले, म्हणजे दोन हजार. नव्या शंभरांपैकी कुणाला ही फेरी एकोणतीसच्या मोलाची होती, कुणाला एकवीसच्या. सरासरी पंचवीस धरली तर प्रत्येकाला पाच रुपयांचा लाभ, मिळून पाचशे. गावाने अडीच हजार मिळवले, नावाड्याने हजार गमावले. मधले दीड हजार कुठून आले? ते कुणाच्या खिशातून आलेले नाहीत. दहा रुपयांत होण्यासारख्या, पण कुणाला तरी पंचवीसच्या मोलाच्या असलेल्या शंभर फेऱ्या रोज होत नव्हत्या, त्या आता होऊ लागल्या. मक्तेदारीवर लोक ‘लुटतो’ म्हणून रागावतात. अर्थशास्त्राची खरी तक्रार मात्र या न झालेल्या फेऱ्यांबद्दल असते.

मग वीसवरच का थांबायचं, असं कुणीतरी म्हणणारच. दर खाली खाली आणत गेलं तर काय होतं ते एका नजरेत पाहू.

| फलकावरचा दर (रु.) | जाऊ इच्छिणारे | प्रत्यक्ष नेलेले | रोजची शिल्लक (रु.) |
|---|---|---|---|
| ३५ | २०० | २०० | २२५० |
| २५ | २५० | २५० | २००० |
| २० | ३०० | ३०० | १२५० |
| १८ | ३२० | ३२० | ६५० |
| १५ | ३५० | ३०० | तोटा २५० |
| १२ | ३८० | ३०० | तोटा ११५० |

पहिल्या ओळीतला फलक शोभेचा आहे. नावाडी तसाही तीसच घेत होता, पस्तीसची मर्यादा त्याला जाणवतही नाही. निवडणुकीच्या तोंडावर असे फलक पुष्कळ लागतात.

तीसपासून अठरापर्यंत प्रत्येक पायरीवर दर उतरतो आणि माणसं वाढतात. अठराच्या खाली मात्र गाडी अडते. तीनशेच्या पुढच्या माणसाला न्यायचा खर्चच अठरा आहे, मग पंधरा रुपये घेऊन त्याला कोण नेणार? नावाडी तीनशेवर थांबतो आणि पन्नास माणसं धक्क्यावर उभी राहतात. ही खरी टंचाई. आणि कोण मागे राहील ते गरजेवर ठरत नाही. जो आधी येऊन उभा राहिला किंवा ज्याची नावाड्याशी ओळख आहे, तो जातो. दवाखान्यात निघालेली म्हातारी राहू शकते आणि सहज फिरायला निघालेला पुढे जाऊ शकतो.

पण त्या ओळीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती फार जणांच्या नजरेतून सुटते. पंधरा रुपयांच्या फलकाखाली टंचाई आहे, रांग आहे, आरडाओरडा आहे. तरीही नेलेली माणसं तीनशेच आहेत, म्हणजे फलक नव्हता तेव्हापेक्षा शंभराने जास्त. रांग दिसली म्हणजे पुरवठा घटला, असं होत नाही. तीस रुपये दर असताना धक्क्यावर रांग नव्हती, कारण ज्यांना तो परवडत नव्हता ती माणसं घरीच बसत होती. घरी बसलेल्यांची रांग दिसत नाही. म्हणून दरमर्यादा चुकली की नाही हे पाहायचं तर रांगेबरोबर डोकी मोजावी लागतात, आणि तीही फलक लागण्याआधीपासून. आणि ताडून पाहायचं ते वर्षातल्या त्याच महिन्याशी. आषाढातला आकडा गणपतीतल्या आकड्याशी ताडून पाहिला तर हाती काहीच लागत नाही.

शेवटच्या दोन ओळींतला तोटा सावकाश चावतो. पंधरा रुपयांना नावाडी लगेच होडी बांधून ठेवणार नाही, कारण माणशी पाच रुपये अजून सुटतात आणि हप्ता तर बसून राहिलं तरी भरावाच लागतो. वर्षभर सगळं सुरळीत दिसेल. मग इंजिन उघडायची वेळ येईल आणि ते उघडलं जाणार नाही. होडी जुनी होईल आणि तिच्या जागी नवी येणार नाही. दर ठरवणाऱ्याने पहिल्या वर्षाचे आकडे बघून पाठ थोपटून घेतलेली असते. घसरण तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळते.

कागदावर अठरा हा आकडा सुंदर दिसतो, कारण खर्च मीच लिहिला आहे. प्रत्यक्षात खर्च फक्त नावाड्याला ठाऊक असतो, आणि तो विचारायला गेलात तर बावीसच सांगेल. इथे सिद्धांत संपतो आणि कटकट सुरू होते.

भारतातलं अलीकडचं एक ठळक उदाहरण हृदयाच्या स्टेंटचं. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल किंमत बांधली: साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषध लावलेल्या स्टेंटला २९,६००. त्याआधी औषधी स्टेंटची छापील किंमत सरासरी लाखाच्या वर होती. स्टेंट बनवणाऱ्या कंपन्या अनेक होत्या, म्हणून ही पुस्तकी मक्तेदारी नाही. पण टेबलावर झोपलेला रोगी दुसऱ्या दुकानात भाव विचारायला जात नाही. त्या घटकेला त्याच्यासाठी रुग्णालय हाच एकमेव नावाडी. प्राधिकरणाच्याच आकडेवारीतून दिसलं होतं की आयात किंवा उत्पादनाची किंमत आणि रोग्याच्या बिलातली किंमत यांच्यामधली बरीच मोठी रक्कम वितरक आणि रुग्णालयं यांच्या नफ्यात जात होती. म्हणजे मर्यादा खाली आणायला, खर्चाला धक्का न लावता, बरीच जागा होती.

अडचण दुसरीकडून आली. नव्या पिढीचा स्टेंट आणि जुन्या पिढीचा स्टेंट, दोन्ही ‘औषधी’ या एकाच खणात टाकून एकच आकडा लावला गेला. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच खाडीवर साधी होडी आणि यांत्रिक बार्ज, दोन्हींना एकच दर. साध्या होडीला तो पुरून उरतो, बार्जला अपुरा पडतो. काही परदेशी कंपन्यांनी आपले नवे स्टेंट भारतातून मागे घेण्याची परवानगी मागितली. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात यासाठी तरतूद आहे. किंमत बांधलेलं उत्पादन बंद करायचं तर सहा महिने आधी कळवावं लागतं, आणि सरकार एक वर्षापर्यंत ते चालू ठेवायला सांगू शकतं. तरीचा दर बांधताना नावाड्याला ‘उद्यापासून बंद’ म्हणता येऊ नये, अशी ही व्यवस्था. ती वेळ मिळवून देते, खर्च भरून देत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये आकडे बदलले. साधा स्टेंट थोडा वर, ७,६६० वर गेला आणि औषधी खाली, २७,८९० वर आला. नव्या-जुन्याचा खण मात्र एकच राहिला.

शिवाय बांधली गेली ती स्टेंटची किंमत. शस्त्रक्रियेची फी, खोलीचं भाडं आणि अरुंद रक्तवाहिनी रुंदावणाऱ्या फुग्याच्या नळीचा दर त्या आदेशात नव्हता. नावाड्याला वीस रुपयांवर अडवलं आणि सामानाचे वेगळे दहा घ्यायला मोकळं सोडलं, तर प्रवाशाच्या लेखी दर तीसच राहतो. मर्यादा कशावर लावली यापेक्षा कशावर लावायची राहिली, हे आधी तपासावं.

खर्च माहीत नसण्यावर ब्रिटनने वेगळी तोड काढली होती. १९८४ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमचं खासगीकरण झालं तेव्हा देशातली टेलिफोन सेवा जवळजवळ त्या एका कंपनीच्या हातात होती. स्टीफन लिटलचाइल्ड या अर्थतज्ज्ञाने आदल्या वर्षी सुचवलेल्या पद्धतीप्रमाणे नियम असा केला की कंपनीच्या ठरावीक सेवांचे दर सरासरीने वर्षाला महागाईच्या दरापेक्षा तीन टक्के कमीच वाढले पाहिजेत. महागाई पाच टक्के असेल तर दरवाढ दोनच टक्के. खर्च किती, हे विचारायचंच नाही. कंपनीने काटकसर करून खर्च तीन टक्क्यांहून जास्त घटवला तर वरचा फायदा तिचा. काही वर्षांनी तो तीनचा आकडा पुन्हा तपासायचा. नावाड्याच्या भाषेत, दर वर्षी फलकावरचा आकडा थोडा उतरवत जायचा आणि धक्क्यावर काय होतं ते बघत राहायचं.

या पद्धतीने खर्च सांगण्याची लपवाछपवी बरीच टळली, पण १९८७ च्या सुमाराला तिथे वेगळीच ओरड झाली. दुरुस्तीला विलंब होत होता आणि रस्त्यावरचे सार्वजनिक फोन बंद पडून राहत होते. नियम दरापुरता होता. सेवा किती चांगली द्यायची ते त्यात लिहिलेलं नव्हतं. दर बांधलेला असेल आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकत नसेल, तर दर्जा उतरवणं हाही दर वाढवण्याचाच प्रकार आहे. मग नियामकाला दुरुस्तीचा वेळ, चालू फोनांचं प्रमाण, असल्या गोष्टी मोजायला बसावं लागलं.

आपल्या धक्क्यावरही वीस रुपये लिहिल्यावर ओळ संपत नाही. त्याखाली पहिली फेरी किती वाजता, शेवटची किती वाजता, एका फेरीत जास्तीत जास्त किती माणसं आणि जीवरक्षक जाकिटं किती, हे लिहावं लागतं. दर कबूल करताना नावाडी तासभर हुज्जत घालील. खरी हुज्जत तो शेवटच्या फेरीच्या वेळेवर घालील, कारण तिथे त्याला माणशी अठरा पडतात.